ग्राहक आणि व्हेंडर पोर्टल: ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रबाळे, महापे, पावणे, तळोजा, वागळे इस्टेट इथल्या मध्यम आकाराच्या कारखान्यांत ईआरपीला पोर्टल जोडायची गोष्ट निघाली की काही प्रश्न ठरलेले असतात. ते इथे एकत्र केले आहेत. समजायला सोपं जावं म्हणून उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय: रबाळ्यात स्टेनलेस स्टीलचे फ्लँज बनवणारा एक काल्पनिक कारखाना. त्याचे ग्राहक म्हणजे केमिकल प्लांटचे खरेदी विभाग आणि पाइपिंगची कामं घेणारे कंत्राटदार. व्हेंडर म्हणजे फोर्जिंगवाले, मशीनिंगचं जॉबवर्क करणारे आणि पॅकिंगच्या लाकडी पेट्या पुरवणारे. तुमचा माल वेगळा असेल, पण फोनवर विचारलं जातं ते फारसं वेगळं नसतं.

पोर्टल नेमकं काय करतं?

तुमच्या ईआरपीत आधीपासून असलेली माहिती, ती ज्या पार्टीची आहे तिलाच, लॉगिन करून बघू देतं. ग्राहकाला त्याच्या ऑर्डरी, गेलेला माल, बिलं आणि सर्टिफिकेटं दिसतात. व्हेंडरला त्याच्या पीओ, माल जमा झाल्याची नोंद आणि बिलाचं पुढे काय झालं ते दिसतं. नवीन माहिती पोर्टल तयार करत नाही. डिस्पॅचच्या माणसाच्या वहीत जे आहे आणि ईआरपीत नाही, ते पोर्टलवर कधीच येणार नाही. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे.

त्याने फोन खरोखर कमी होतात का?

काही प्रकारचे होतात, काहींचे होत नाहीत. कोणते होतील हे पोर्टलवर पैसे घालायच्या आधी कळू शकतं. सेल्स कोऑर्डिनेटर आणि अकाउंट्स, दोन्ही टेबलांवर दोन आठवडे एक साधी वही ठेवा. प्रत्येक फोनला चार गोष्टी लिहायच्या: कोणाचा फोन, काय विचारलं, उत्तर कुठे बघून दिलं, आणि उत्तर द्यायला खुर्चीतून उठावं लागलं का.

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. टेबलावरच्या मॅडमनी स्क्रीनवर बघून उत्तर दिलं असेल तर तो फोन पोर्टल घेऊ शकतं. बिलाची कॉपी, बिल्टी नंबर, पेमेंटचा यूटीआर नंबर हे सगळे यात येतात. पण उठून खाली डिस्पॅचला जाऊन "दादा, त्या पार्टीचा माल भरला का?" असं विचारावं लागलं असेल, तर ती माहिती ईआरपीत नाही किंवा उशिरा येते. त्या फोनवर पोर्टलचा आज काही उपयोग नाही. आधी ती नोंद वेळेवर व्हायला हवी.

तिसरा प्रकार म्हणजे "थोडं लवकर करा ना साहेब, शटडाउन आहे" किंवा "या वेळी रेट बघा जरा". हे फोन येतच राहतील आणि यायलाही हवेत. धंदा त्यावरच चालतो. काही मालकांना पोर्टल हवं असतं ते हे फोन बंद व्हावेत म्हणून. त्यांची निराशा ठरलेली आहे.

ईआरपीतली ऑर्डरची स्थिती जशीच्या तशी दाखवली तर चालेल का?

बहुतेक वेळा नाही. एक ऑर्डर घेऊन बघू.

ग्राहकाने चार इंची ५०० फ्लँज मागवले. ३०० गेले, बिल झालं. १२० मशीनिंग आणि तपासणी होऊन पेटीत भरले आहेत, पण टेस्ट सर्टिफिकेटवर सही व्हायची आहे. ८० अजून मशीनवर आहेत. ईआरपीत या ऑर्डरची स्थिती एकाच शब्दात असते: "अंशतः डिस्पॅच". तोच शब्द पोर्टलवर गेला तर ग्राहकाचा खरेदी अधिकारी तो वाचतो, "हे मलाही माहीत आहे" म्हणतो आणि फोन लावतो. वर लॉगिन करायचा ताप झालेला असतो, तो वेगळाच.

त्याला हवं असतं ते असं: ३०० गेले, अमुक बिलाने, अमुक गाडीने, बिल्टी नंबर हा. १२० तयार आहेत, सर्टिफिकेटसाठी थांबलेत. ८० बाकी, अपेक्षित तारीख ही. प्रत्येक ऑर्डरमधल्या प्रत्येक ओळीसाठी एवढ्या तीन ओळी दिसल्या की तो फोन येत नाही.

आता हे आकडे येतात कुठून ते बघा. ३०० हा आकडा बिलातून येतो आणि तो पक्का असतो, कारण बिलाशिवाय गाडी गेटबाहेर जात नाही. ८० ही नुसती वजाबाकी. गोची आहे ती १२० ची. हा आकडा तयार माल स्टोअरला जमा केल्याच्या नोंदीतून येतो, आणि बऱ्याच कारखान्यांत ती नोंद माल तयार झाल्यावर होत नाही. बिल करायला घेतल्यावर सिस्टिम "स्टॉक नाही" म्हणून अडते, तेव्हा घाईघाईने होते. मग १२० फ्लँज पेटीत तयार असताना पोर्टल सांगतं की २०० अजून उत्पादनात आहेत. ग्राहक हादरतो आणि थेट मालकांना फोन करतो.

तुमच्याकडे असं होतंय का, हे तपासायची सोपी रीत आहे. अलीकडची दहा बिलं घ्या. प्रत्येक बिलातल्या मालाची स्टोअर जमा नोंद काढा आणि दोन्हींची सिस्टिममध्ये प्रत्यक्ष एंट्री झाल्याची वेळ बघा. व्हाउचरवरची तारीख बघू नका, ती मागची टाकता येते. दोन्हीत पाच-दहा मिनिटांचंच अंतर असेल तर ती नोंद निव्वळ बिल काढण्यापुरती होतेय असं समजा. अशा वेळी "तयार" हा टप्पा पोर्टलवर दाखवूच नका. "पाठवले" आणि "बाकी" एवढे दोनच दाखवा. पाच टप्प्यांची रंगीत पट्टी दिसायला छान असते, पण तिच्यातले दोन टप्पे खोटे असतील तर पहिल्या महिन्यातच ग्राहक पोर्टलवरचा विश्वास सोडतो. मग तो पोर्टल बघून झाल्यावर खात्री करायलाही फोन करतो.

आणखी एक: आतल्या भाषेतले शब्द बाहेर पाठवू नका. "क्यूसी होल्ड" आपल्याला रोजचं, पण ग्राहक तो "माल रिजेक्ट झाला" असा वाचतो. तिथे "तपासणी सुरू" लिहा.

डिलिव्हरीची तारीख दाखवावी का? उद्या हुकली तर?

दाखवावी, कारण सर्वात जास्त फोन त्याच प्रश्नाचे असतात. पण कोणती तारीख, हे ठरवायला लागेल. ईआरपीत एका ओळीला निदान दोन तारखा असतात: ग्राहकाने पीओत मागितलेली आणि प्लॅनिंगने काढलेली. प्लॅनिंगची तारीख पुन्हा आखणी केली की आपोआप सरकते. ती थेट पोर्टलला जोडली तर ग्राहकाला सोमवारी १२ तारीख दिसते, मंगळवारी १५ आणि बुधवारी परत १३. म्हणून तिसरं एक खानं ठेवा, "ग्राहकाला कळवलेली तारीख". ते माणसानेच भरायचं आणि माणसानेच बदलायचं. बदललं की ग्राहकाला ईमेल जायला हवी आणि जुनी तारीखही पानावर दिसायला हवी.

तारीख उलटून गेली आणि कोणी बदलली नाही, तर पोर्टलने ती तशीच दाखवत बसू नये. तिथे "तारीख पुन्हा कळवतो" असं यावं आणि त्याच वेळी कोऑर्डिनेटरच्या यादीत ती ओळ लाल व्हावी. गेलेली तारीख तशीच लटकलेली पोर्टलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

बिलाची पीडीएफ पोर्टलने तिथल्या तिथे तयार करावी की साठवलेली द्यावी?

साठवलेलीच. बिल झालं त्या क्षणी जी पीडीएफ तयार झाली, तीच फाइल जपून ठेवायची आणि दर वेळी तीच द्यायची.

कारण असं. तिथल्या तिथे तयार करणारं पोर्टल बिलातले आकडे जुन्या नोंदीतून घेतं, पण ग्राहकाचं नाव, पत्ता, बँकेचा तपशील अनेकदा आजच्या मास्टरमधून उचलतं. मार्चमधल्या बिलानंतर ग्राहकाने महाप्याहून तळोज्याला जागा बदलली आणि तुम्ही मास्टर सुधारला, की जूनमध्ये डाउनलोड केलेल्या मार्चच्या बिलावर तळोजा येतं. त्यांच्या ऑडिटरकडे आधीची प्रत असते. एकाच नंबराची दोन वेगळी बिलं बघितल्यावर जो फोन येतो तो पाच मिनिटांत संपत नाही.

ई-इनव्हॉइस लागू असेल तर मुद्दा आणखी पक्का होतो. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून जास्त वार्षिक उलाढाल असलेल्यांना व्यवसाय-ते-व्यवसाय विक्रीची बिलं जीएसटीच्या बिल-नोंदणी पोर्टलवर नोंदवावी लागतात. तिथून ६४ अक्षरांचा बिल नोंदणी क्रमांक म्हणजे आयआरएन आणि सही केलेला क्यूआर कोड परत येतो. तो कोड छापलेला नसेल तर ग्राहकाचा अकाउंट्स विभाग बिल घेतच नाही. म्हणून नियम असा ठेवा की आयआरएन परत येईपर्यंत बिल ग्राहकाच्या यादीत दिसणारच नाही. नाहीतर संध्याकाळी सरकारी सर्व्हर अडकला असताना कोणीतरी कोडशिवायची प्रत उतरवून घेतं आणि तीच पुढे फिरत राहते.

रद्द केलेल्या बिलाचंही ठरवून ठेवा. आयआरएन २४ तासांच्या आत रद्द करता येतो, नंतर सुधारणा सहसा क्रेडिट नोटने करावी लागते. रद्द झालेलं बिल पोर्टलवरून गुपचूप गायब करू नका, कारण ग्राहकाने ते आधीच उतरवून घेतलेलं असू शकतं. ते यादीत "रद्द" अशा शिक्क्यासह राहू द्या आणि बदली बिलाचा नंबर शेजारी दाखवा. क्रेडिट नोट असेल तर ती मूळ बिलाच्या ओळीखालीच दिसली पाहिजे.

दर महिन्याला १४ तारखेनंतर "तुमचं बिल टूबीमध्ये दिसत नाही" असे फोन येतात. ते कमी होतील?

बरेचसे. ग्राहकाचं जीएसटीआर-२बी हे विवरण महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं आणि त्याच्या अकाउंटंटची जुळवाजुळव तेव्हाच सुरू होते. तुमच्या यादीत प्रत्येक बिलासमोर ते कोणत्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये भरलं आणि विवरण कोणत्या तारखेला दाखल केलं, एवढी दोन खानी टाका. मार्च ३१ चं बिल ग्राहकाला ४ एप्रिलला मिळालं आणि तो ते एप्रिलमध्ये शोधतोय, असे गोंधळ ही दोन खानी बघून तो स्वतःच सोडवतो. ग्राहकाचा जीएसटी नंबर चुकून दुसऱ्या राज्यातल्या शाखेचा पडला असेल, तर मात्र फोन येणारच. तो दुरुस्तीचा विषय आहे.

आमच्याकडे बिलापेक्षा टीसीसाठी जास्त फोन येतात. काय करता येईल?

फ्लँज-फिटिंगच्या धंद्यात हे नेहमीचं. माल साइटवर पोहोचतो, पण टेस्ट सर्टिफिकेट नसेल तर तिथला इन्स्पेक्टर तो उतरवूनही घेत नाही. सर्टिफिकेटं साधारणपणे एका सामायिक फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवलेली असतात. पोर्टलला ती बिलाशी जोडायला एक धागा लागतो, आणि तो म्हणजे हीट नंबर, स्टीलच्या एका ओतणीला दिलेला क्रमांक. वरच्या उदाहरणातले ३०० फ्लँज दोन हीटमधून आले असतील, १८० एका आणि १२० दुसऱ्या, तर बिलाच्या एका ओळीला दोन सर्टिफिकेटं लागतात. बिल करताना ईआरपीत हीट नंबर आणि त्या-त्या हीटचे नग भरले असतील तर पोर्टल दोन्ही फाइली बरोबर काढून देतं. हीट नंबर फक्त पॅकिंग स्लिपवर पेनाने लिहिला जात असेल तर काहीच जोडता येत नाही.

फाइलींची नावंही एकसारखी हवीत. "टीसी फायनल नवीन २" अशा नावाची फाइल कोणत्या हीटची, ते ती ठेवणाऱ्यालाही आठवत नाही. हीट नंबर हेच फाइलचं नाव ठेवायचं. जुन्या फाइली एका दमात सुधारायच्या भानगडीत पडू नका. पोर्टल सुरू होईल त्या तारखेपासूनच्या नीट ठेवा, मागच्या मागणीप्रमाणे करत जा.

आमच्याकडे मोठा ईआरपी नाही, टॅली आहे. जोडता येईल का?

येईल. टॅलीप्राइमला चालू स्थितीत बाहेरून माहिती मागता येते, त्यासाठीचा नेहमीचा पोर्ट `9000`. मात्र त्यासाठी टॅली उघडी हवी आणि कंपनी लोड झालेली हवी. अकाउंटंटने संध्याकाळी संगणक बंद केला की माहितीचा झरा आटला. म्हणून पोर्टल थेट टॅलीला विचारत नाही. मधे एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो दर पंधरा-वीस मिनिटांनी नवीन आणि बदललेली व्हाउचरं उचलून बाहेरच्या डेटाबेसमध्ये ठेवतो आणि ग्राहकाला तिथूनच दिसतं. `9000` हा पोर्ट राउटरमधून सरळ इंटरनेटला उघडून देणारे महाभाग असतात, तसं करू देऊ नका. ऑफिसच्या आतूनच माहिती बाहेर ढकलली गेली पाहिजे, बाहेरून कोणी आत येता कामा नये.

टॅलीत ऑर्डरी भरत नसाल आणि फक्त बिलं करत असाल तर ऑर्डरची स्थिती पोर्टलवर येणार नाही. बिलं आणि येणी एवढंच येईल. त्यावरही बरेच फोन वाचतात.

ईआरपीनेक्स्ट आणि ओडू यांच्यात ग्राहकासाठी पोर्टलची सोय मुळातच आहे. सॅप बिझनेस वनसारख्या सिस्टिमला जोडताना मात्र बाहेरच्या वापरासाठी लायसन्स कसं मोजतात, ते तुमच्या पार्टनरकडून आधी लेखी घ्या.

माहिती किती ताजी असावी?

पंधरा मिनिटांनी अपडेट होणारं पोर्टल या धंद्याला भरपूर झालं. महत्त्वाचं असतं ते पानावर "माहिती आज ३:४५ पर्यंतची" असं ठळक लिहिलेलं असणं. ही वेळ ईआरपीशी शेवटची जुळणी, म्हणजे माहिती उचलायची फेरी, यशस्वी झाली तेव्हाची असावी. काही पोर्टलं पान उघडल्याची वेळ दाखवतात. जुळणी तीन दिवस बंद पडलेली असते आणि पान मात्र "आत्ताच अपडेट" म्हणत राहतं. एक तास जुळणी झाली नाही तर तुमच्या माणसाला मेसेज गेला पाहिजे.

तुमची सुट्टी शुक्रवारी आणि ग्राहकाची रविवारी असेल तर पोर्टलची खरी किंमत शुक्रवारी कळते. त्या दिवशी बघणारा ग्राहक आहे आणि फोन उचलणारं कोणी नाही. मात्र गुरुवारी संध्याकाळी गेलेल्या गाड्यांचे बिल्टी नंबर शनिवारी भरायची सवय असेल, तर त्याच दिवशी पोर्टल रिकामं दिसतं. ट्रान्सपोर्टवाला पावती देतो त्याच वेळी, गेटवरच नंबर टाकायची सोय करा. मोबाइलवर एक खानं पुरे.

लॉगिन कोणाला द्यायचं?

जो फोन करतो त्याला. मास्टरमध्ये बहुतेक वेळा मालकांचा किंवा डायरेक्टरचा नंबर असतो. ते पोर्टलवर कधीच येत नाहीत. तुमच्या दोन आठवड्यांच्या वहीत फोन करणाऱ्यांची नावं आहेतच, तीच यादी घ्या. लॉगिन नंबरावर ओटीपी पाठवून द्या, पासवर्ड विसरल्याचे फोन नकोत.

एकाच ग्राहकाचे तळोजा, महाड आणि दहेज असे तीन प्लांट असतील तर तुमच्या ईआरपीत त्याचे तीन कोड असतात. मुख्य ऑफिसच्या खरेदीवाल्याला तिन्ही दिसायला हवेत, महाडच्या स्टोअरवाल्याला फक्त महाड. म्हणजे एका माणसाला अनेक कोड जोडता आले पाहिजेत. ही सोय आहे का, ते पोर्टल विकत घेण्याआधी विचारा. आणि माणूस नोकरी सोडून गेला की लॉगिन बंद कोण करणार, हेही ठरवा. तीन महिने न वापरलेलं लॉगिन आपोआप बंद होऊ द्या.

एका ग्राहकाला दुसऱ्याची बिलं दिसण्याचा धोका असतो का?

असतो, आणि हीच सगळ्यात जास्त आढळणारी त्रुटी आहे. डाउनलोडची लिंक अशी दिसते:

`/invoice/download?id=4512`

कोणीतरी सहज `4512` चं `4513` करतं आणि दुसऱ्याच कंपनीचं बिल उघडतं, रेटसकट. लॉगिन आहे म्हणजे सुरक्षित आहे असा समज असतो. पण लॉगिन फक्त माणूस कोण आहे ते तपासतं. हे बिल त्याचंच आहे का, ही तपासणी सर्व्हरवर प्रत्येक डाउनलोडच्या वेळी वेगळी व्हायला लागते.

ही चाचणी तुम्ही स्वतः करू शकता, प्रोग्रॅमर लागत नाही. दोन ग्राहकांची लॉगिनं बनवून घ्या. पहिल्याने आत जा, एका बिलाची लिंक कॉपी करा. बाहेर पडा, दुसऱ्याने आत जा आणि ती लिंक चिकटवा. बिल उघडलं तर पोर्टल सुरू करू नका. हीच चाचणी टीसीसाठी, लेजरसाठी आणि व्हेंडरच्या पेमेंट पत्रकासाठीही करा, कारण अनेकदा बिलांना कुलूप असतं आणि बाकीची दारं उघडी राहतात. काहीच लॉगिन न करता लिंक उघडते का, तेही बघा.

व्हेंडर पोर्टलवर काय दाखवायचं? त्यांचा एकच प्रश्न असतो, "पेमेंट कधी?"

प्रश्न एक असला तरी उत्तर अडकतं ते पाच वेगवेगळ्या ठिकाणी: माल गेटवर आला, तपासणी झाली, माल जमा झाल्याची नोंद म्हणजे जीआरएन झाला, बिल अकाउंट्सला बुक झालं, पैसे गेले. व्हेंडरला "प्रलंबित" एवढंच दाखवलं तर तो फोन करणार. कुठे अडकलंय आणि कोणाच्या बाजूने, हे दाखवलं तर बहुतेक वेळा तो स्वतःच हलतो.

उदाहरण घेऊ. जॉबवर्कवाल्याने २०० नग मशीनिंग करून पाठवले. गेटवर २०० ची नोंद झाली. तपासणीत १२ नगांचा बोअर मोठा निघाला, जीआरएन १८८ चा झाला. व्हेंडरचं बिल २०० चं. अकाउंट्सने १८८ धरून १२ ची डेबिट नोट काढली, टीडीएस कापला आणि उरलेले पैसे पाठवले. व्हेंडरला बँकेत एक विचित्र रक्कम दिसते. त्याचा पहिला फोन अकाउंट्सला, दुसरा स्टोअरला, तिसरा "पैसे कापले साहेब तुम्ही" असा मालकांना. हे तिन्ही वाचवायचे असतील तर पोर्टलवर बिलाची रक्कम, डेबिट नोट आणि तिच्यासोबत रिजेक्शनचा अहवाल, टीडीएस, भरलेली रक्कम आणि यूटीआर नंबर हे एकाखाली एक, वजाबाकी दिसेल असं हवं. शिवाय १२ नग नाकारले हे त्याला तपासणीच्या दिवशीच कळायला हवं. पेमेंटच्या दिवशी कळलं की भांडण होतं, कारण तोवर ते नग बघायलाही मिळत नाहीत.

तारखांबद्दल इथे सावध राहा. व्हेंडर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यमवर नोंदलेला उत्पादक वा सेवा पुरवठादार असेल, तर एमएसएमईडी कायद्याप्रमाणे त्याचे पैसे ठरलेल्या मुदतीत आणि फार तर ४५ दिवसांत द्यायचे असतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. ही मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात, आणि माल मिळाल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर मालाची डिलिव्हरी झाली तोच दिवस स्वीकृतीचा धरला जातो. २०२४-२५ या कर आकारणी वर्षापासून मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची खर्च म्हणून वजावट, पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षातच मिळते. बरेच ईआरपी देय तारीख मोजतात ती बिल बुक केल्याच्या तारखेपासून. माल ३ तारखेला गेटवर, बिल बुक २१ तारखेला, म्हणजे १८ दिवस हिशेबातून गायब. पोर्टलवर व्हेंडरला दोन्ही तारखा दिसणार आहेत, त्यामुळे हा हिशेब आधी तुमच्याच सिस्टिममध्ये सुधारा. काही मालकांना या कारणासाठी गेटची तारीख लपवावीशी वाटते. पण व्हेंडरकडे तुमच्या गेटचा शिक्का मारलेलं चलन असतंच.

व्हेंडरला बिल पोर्टलवर अपलोड करायला लावावं का?

लावलं तर दोन फायदे: बिल हरवलं अशी तक्रार संपते आणि तारीख नोंदली जाते. पण नुसती पीडीएफ घेऊन ठेवू नका. पीओ यादीतून निवडायला लावा, नंबर टाइप करायला लावू नका. बिल नंबर आणि आर्थिक वर्ष आधीच्या बिलाशी जुळत असेल तर तिथेच अडवा. रेट पीओपेक्षा वेगळा असेल तर बिल स्वीकारा, पण "रेट जुळत नाही, खरेदी विभागाकडे" असं व्हेंडरला लगेच दाखवा. साफ नाकारलं तर तो कागदी बिल टेंपोवाल्याच्या हाती पाठवतो आणि आपण पुन्हा होतो तिथेच.

दोन-तीन मशीनवाले छोटे व्हेंडर हे वापरतील का?

लॉगिन करून नाही वापरणार. त्यांच्यासाठी पेमेंट झाल्यावर व्हॉट्सअॅपवर हिशेबाची लिंक पाठवा. ती एकाच बिलापुरती असावी, अंदाज न लावता येणारी असावी आणि काही दिवसांनी आपोआप बंद व्हावी. रिजेक्शन झालं तर फोटोसह तसाच मेसेज. मराठी किंवा हिंदीत असला तर उत्तम.

ग्राहकाला त्याची थकबाकी दाखवावी का?

बिलवार दाखवावी, एक एकूण आकडा नको. ग्राहकाचं पेमेंट खात्यात आलं पण कोणत्या बिलापोटी ते अकाउंट्सने लावलेलं नाही, अशी रक्कम जवळपास प्रत्येक कारखान्यात पडून असते. ती "जमा, बिलाला लावायची बाकी" अशा वेगळ्या ओळीत दाखवा. नाहीतर ज्याने काल पैसे भरले त्याला आज "मुदत उलटली" दिसतं, आणि तो फोन फार गोड नसतो. थकबाकीमुळे बिलाचं डाउनलोड बंद करणारे काही जण आहेत. बिलच मिळालं नाही तर पैसे कसे देणार, असा प्रश्न ग्राहक विचारतो, आणि त्याचं बरोबर आहे.

खर्च कशात जातो?

स्क्रीन बनवण्यात कमी, मास्टर साफ करण्यात जास्त. एकाच पार्टीचे दोन कोड, चुकीचे जीएसटी नंबर, तीन प्रकारे लिहिलेला तोच फ्लँज. हे काम बाहेरचा माणूस करू शकत नाही, तुमच्याच कोऑर्डिनेटर आणि अकाउंटंटला बसावं लागतं. कोटेशन मागताना जुळणी बंद पडल्यावर कोण बघणार आणि किती वेळात, हे त्यात लिहून घ्या. ईआरपीची आवृत्ती बदलली की जोडणी पुन्हा तपासावी लागते, तो खर्च कोणाचा, तेही.

सुरू केल्यावर उपयोग होतोय की नाही, हे कशावरून ओळखायचं?

लॉगिनच्या आकड्यावरून नाही. ग्राहकाने आत येऊन पाहिलं आणि तरी फोन केला, हे लॉगिनच्या आकड्यात दिसत नाही. तीन महिन्यांनी तीच वही पुन्हा दोन आठवडे ठेवा आणि एक रकाना वाढवा: "पोर्टल बघितलं होतं का?" असं फोनवरच विचारायचं. नाही म्हणाला तर त्याला लिंक पाठवा आणि उत्तरही द्या, फोन आपटू नका. हो म्हणाला तर पोर्टलवर काय दिसलं आणि खरं काय होतं, ते लिहा. पुढे काय दुरुस्त करायचं त्याची यादी त्याच रकान्यात मिळते. बहुधा त्यात सर्वात वर असतो बिल्टी नंबर उशिरा पडणं, आणि त्याच्या खालोखाल तयार मालाची नोंद.